उभ्या पिकाचा खर्च ३१ मार्चला कोठे लिहावा?
उसाच्या लागणीपासून गुळाच्या ढेपेपर्यंतचा हिशेब

आपल्या पेठांमधील अनेक दुकानदार आणि कारखानदार मंडळींकडे थोडीफार शेती असते. कोणाची वडिलोपार्जित दोन-चार एकर, कोणी कमाईतून घेतलेली, तर कोणी खंडाने केलेली. दुकानाचा हिशेब चोख असतो. रोजमेळ आहे, खतावणी आहे, वर्षअखेरीस मालाची मोजदाद आहे. शेतीचा खर्च मात्र दुकानाच्या गल्ल्यातून जातो आणि "शेती खर्च" या एका ओळीत संपतो. पीक निघाले की आलेली रक्कम "शेती उत्पन्न" म्हणून जमा होते. यात चूक कोठे आहे, ती किती मोठी आहे आणि ती कशी दुरुस्त करावी, हे या लेखात एका उदाहरणाने पाहू.

आधी एक हकिकत. माझ्या ओळखीचे दोन भाऊ एकत्र धंदा करीत होते. कापडाचे दुकान आणि दोन एकर ऊस, दोन्ही निम्म्याने. मार्चअखेर मोठ्या भावाने वेगळे व्हायचे ठरविले. वह्या काढल्या, दुकानातील माल मोजला, उधारी मांडली, देणी वजा केली आणि राहिलेली रक्कम निम्मी-निम्मी केली. उसावर त्या वर्षी सव्वा लाखाच्या वर खर्च झाला होता. तो सर्व खर्चाच्या बाजूला पडला होता, म्हणून नफा तेवढा कमी दिसत होता. शेतात साडेआठ महिन्यांचा ऊस उभा होता, पण वहीत त्याचा एक रुपयाही नव्हता. डिसेंबरात ऊस निघाला तेव्हा मोठा भाऊ म्हणाला, "छोटे, यात अर्धा पैसा माझा आहे." धाकटा म्हणाला, "भाईजान, वही तुमच्यासमोर बंद झाली, सही तुमची आहे." दोघेही इमानदार होते. चूक वहीची होती.

मागावरचे कापड आणि शेतातला ऊस

विणकर आणि कापडवाल्यांना ही गोष्ट समजायला सोपी आहे. ३१ मार्चला आपण गोदामातले सूत मोजतो, तयार तागे मोजतो आणि मागावर चढलेले बीमही मोजतो. बीमवरचे सूत हे आता सूत राहिलेले नाही आणि अजून कापडही झालेले नाही. तरी त्यात सुताची किंमत, कांजीचा खर्च आणि झालेल्या विणाईची मजुरी अडकलेली आहे. ती आपण खर्च म्हणून सोडून देत नाही. "मागावरील चालू माल" म्हणून शिल्लक धरतो. हिशेबाच्या भाषेत याला चालू काम म्हणतात.

शेतातला उभा ऊस हाही असाच चालू माल आहे. फरक इतकाच की बीम पंधरा दिवसांत उतरतो आणि आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये लागण झालेला आडसाली ऊस पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरनंतर तुटतो. म्हणजे मध्ये एक ३१ मार्च येतोच. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण आणि जानेवारी-फेब्रुवारीची सुरू लागण यांचेही तेच. खर्च एका हिशेबी वर्षात सुरू होतो आणि माल दुसऱ्या वर्षात हाती येतो. म्हणून नियम असा की पीक शेतात उभे आहे तोवर त्यावरचा खर्च "उभे पीक" या खात्यावर चढत जावा, आणि ज्या दिवशी पीक कापले जाईल त्या दिवशी ती सर्व रक्कम त्या खात्यातून उचलून "माल साठा" या खात्यावर न्यावी. नफा-तोट्यात ती माल विकल्यावरच येईल.

पहिला टप्पा : लागणीपासून ३१ मार्चपर्यंत

कोल्हापूर भागातील दोन एकर आडसाली उसाचे उदाहरण घेऊ. लागण जुलै २०२३ मध्ये झाली आणि ऊस कारखान्याला न देता डिसेंबर २०२४ मध्ये गुऱ्हाळाला नेला. पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून सोपे, गोल घेतले आहेत. आपल्या शेतातील खर्च वेगळा असेल, पण रीत हीच राहील.

खतावणीत नवे पान उघडावे. वर लिहावे : "उभे पीक खाते, आडसाली ऊस, लागण जुलै २०२३, २ एकर." लागणीची तारीख आणि क्षेत्र पानावर असलेच पाहिजे. शेत दोन असतील, लागणी दोन असतील, तर पानेही दोन. ३१ मार्च २०२४ पर्यंत या पानावर नावे पडलेला खर्च असा :

नांगरट आणि सरी पाडणे : रु. १४,०००
शेणखत : रु. १६,०००
बेणे आणि लागणीची मजुरी : रु. २४,०००
रासायनिक खताचे हप्ते : रु. ३८,०००
भांगलण, बाळबांधणी, मोठी बांधणी : रु. २२,०००
पाणीपट्टी, वीजबिल, पाणी पाजणाऱ्याची मजुरी : रु. १४,०००
एकूण : रु. १,२८,०००

प्रत्येक वेळी नोंद एकच. उभे पीक खाते नावे, रोख किंवा दुकानदार जमा. वर्ष संपले तेव्हा हे १,२८,००० रुपये नफा-तोटा पत्रकात जाणार नाहीत. ते ताळेबंदात मालाच्या सदराखाली, कापडाच्या साठ्याशेजारी, स्वतंत्र ओळीत बसतील. त्या दोन भावांच्या वहीत ही एक ओळ असती तर वाटणीच्या दिवशीच दोघांना ती दिसली असती.

येथे दोन चुका वारंवार होतात. पहिली खताची. मार्चमध्ये खताची वीस पोती आणली, बारा टाकली आणि आठ खोलीत पडून आहेत. बिल वीस पोत्यांचे असते, म्हणून सगळे पिकावर चढविले जाते. हे बरोबर नाही. खोलीतली आठ पोती हा "खत साठा" आहे, ती अजून पिकाला लागलेली नाहीत. शेतात जेवढे गेले तेवढेच पिकावर लिहावे. गोदामातले सूत आणि बीमवरचे सूत आपण वेगळे मोजतो, तसेच हे.

दुसरी चूक घरखर्चाची. शेतावर जाण्यायेण्याचा खर्च, घरच्या विहिरीच्या मोटारीची दुरुस्ती, दुकानाच्या नोकराचा पगार, हे सगळे उसावर टाकण्याचा मोह होतो, कारण त्यामुळे त्या वर्षीचा नफा फुगतो. कसोटी साधी आहे : हा ऊस लावलाच नसता तर हा खर्च झाला असता का? झाला असता, तर तो उसावर चढवू नये.

३१ मार्चची परीक्षा

खर्च पानावर चढला म्हणजे तो जसाच्या तसा शिल्लक धरता येतो असे मात्र नाही. रंग उडालेला तागा आपण खरेदीच्या भावाने मोजत नाही, मिळेल त्या भावाने मोजतो. उसाची परीक्षाही तशीच. शेतातून साधारण किती टन निघेल, त्याचा भाव काय येईल, आणि तोपर्यंत अजून किती खर्च व्हायचा आहे, हे मांडावे.

आपल्या उदाहरणात दोन एकरांत शंभर टनांचा अंदाज आहे. टनाला ३,१०० रुपये भाव धरला आणि तोडणी-वाहतुकीचे ५०० वजा केले, तर २,६०० रुपये राहतात. शंभर टनांचे झाले २,६०,०००. तोडणीपर्यंत पाणी, पाचट वगैरेचे ३०,००० अजून लागतील. ते वजा जाता २,३०,००० राहतात. वहीतली रक्कम १,२८,००० आहे, म्हणजे ती सुखरूप आहे. तशीच पुढे न्यावी. वरचा फरक आता नफा म्हणून लिहू नये. ऊस अजून उभा आहे आणि हुमणी, वादळ, पाणीटंचाई सगळे बाकी आहे.

आता समजा, मार्चमध्ये विजेच्या तारा एकमेकींना घासून ठिणगी पडली आणि दोनपैकी अर्धा एकर ऊस जळाला. आठ महिन्यांच्या जळक्या उसाला ना कारखाना घेतो ना गुऱ्हाळ. अशा वेळी पुष्कळ लोक पानावर १,२८,००० तसेच ठेवतात आणि मनाशी म्हणतात, राहिलेल्या दीड एकरातून निघेल. हे स्वतःला फसविणे आहे. चौथा हिस्सा जळाला तर खर्चाचा चौथा हिस्सा, म्हणजे ३२,००० रुपये, त्याच वर्षी "आगीचे नुकसान" म्हणून लिहून टाकावेत आणि ९६,००० पुढे न्यावेत. भरपाई मिळाली तर ती वेगळी जमा होईल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडे नदीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली होता. शेंडा बुडून ऊस कुजला की तेथील खर्च संपला. तो उरलेल्या उसाच्या डोक्यावर चढविला तर पुढच्या वर्षी गुळाची पडती किंमत खोटी निघेल आणि भाव ठरविताना आपणच फसू.

पुढील हिशेबात आग लागली नाही असे धरू.

दुसरा टप्पा : तोडणी आणि खोडव्याचा हिस्सा

एप्रिल ते डिसेंबर २०२४ मध्ये त्याच पानावर पाण्याचे १६,०००, पाचट काढण्याचे ८,००० आणि औषधाचे ६,००० चढले. उभ्या उसाची बेरीज १,५८,००० झाली. तोडणी आणि गुऱ्हाळापर्यंत नेण्याचे शंभर टनांना ५०,००० लागले. एकूण २,०८,०००.

आता सरळ १०० टनांनी भागले तर टनाला २,०८० रुपये पडती किंमत येते. पण थांबा. ऊस तुटला तरी बुडखे शेतात आहेत. त्यांना फुटवे येऊन खोडवा उभा राहणार. खोडव्याला पुन्हा नांगरट नाही, बेणे नाही, लागण नाही. म्हणजे नांगरट, शेणखत आणि बेणे यांवर झालेले ५४,००० रुपये एका पिकासाठी नव्हते, दोन पिकांसाठी होते. सगळे लागणीच्या उसावर टाकले तर तो महाग दिसेल आणि खोडवा फुकटात आल्यासारखा दिसेल.

हे ५४,००० रुपये दोन्ही पिकांत अपेक्षित उताऱ्याप्रमाणे वाटावेत. लागणीचा उतारा एकरी ५० टन आणि खोडव्याचा एकरी ४० टन धरला, तर नव्वद भागांपैकी पन्नास भाग लागणीचे आणि चाळीस भाग खोडव्याचे. म्हणजे ३०,००० लागणीकडे आणि २४,००० खोडव्याकडे. खोडव्याचे नवे पान उघडून हे २४,००० त्यावर न्यावेत. पुढे खोडव्याला खत, पाणी, मजुरी जे लागेल ते त्याच पानावर चढेल. खोडवा ठेवायचा नसेल आणि शेत मोडून दुसरे पीक घ्यायचे असेल, तर मात्र पूर्ण ५४,००० लागणीच्या उसावरच राहतील. काही शेतकरी दुसरा खोडवाही घेतात. तेव्हा वाटणी तिघांत होईल. ठेवणार किती खोडवे, हे आधी ठरवून लिहून ठेवावे. नफा कसा दिसतो ते पाहून नंतर बदलू नये.

आता तोडलेल्या उसाची किंमत २,०८,००० वजा २४,००० म्हणजे १,८४,००० झाली. टनाला १,८४० रुपये. ज्या दिवशी ऊस तुटला त्या दिवशीची नोंद : ऊस साठा खाते नावे १,८४,०००, उभे पीक खाते जमा १,८४,०००. लागणीचे पान येथे बंद झाले. त्यावर एक पैसाही राहता कामा नये. पीक कापून झाल्यावरही पानावर रक्कम लोंबत असेल, तर समजावे की कोठेतरी गडबड आहे. एक तर तोडणीची नोंद राहिली आहे किंवा खोडव्याचा खर्च चुकून जुन्या पानावर चढला आहे.

ऊस कारखान्याला दिला तर हा मधला टप्पा काही तासांचाच असतो. सकाळी तोडला, संध्याकाळी काट्यावर गेला, की तो आपला माल राहिला नाही. ती कारखान्याकडील येणे रक्कम झाली. मार्चमध्ये ऊस गेला पण बिल आले नाही, तर ३१ मार्चला तो उभ्या पिकातही धरू नये आणि साठ्यातही नाही. वजनाच्या पावतीवरून उधारीत धरावा. तोडणी-वाहतूक कारखाना बिलातून कापतो, तेव्हा हाती आलेली रक्कमच विक्री समजू नये. पूर्ण दर विक्रीत आणि कापलेली रक्कम खर्चात, असे दोन्ही लिहावे, म्हणजे दोन हंगामांची तुलना करता येते.

तिसरा टप्पा : गूळ आणि शीतगृह

गुऱ्हाळात शंभर टन उसाचा ११ टक्के उताऱ्याने ११,००० किलो गूळ झाला. गुळव्या, चुलव्या आणि इतर गड्यांची मजुरी, काहील व चरक यांचे भाडे, रस साफ करण्याचे साहित्य, ढेपांचे फडके आणि बांधणी मिळून ९१,००० लागले. जळणाला घरचीच चिपाडे वापरली, म्हणून त्याचा वेगळा खर्च धरला नाही. उसाचे १,८४,००० आणि गुऱ्हाळाचे ९१,००० मिळून २,७५,०००. अकरा हजार किलोंनी भागता किलोला २५ रुपये. ही गुळाची पडती किंमत. "गूळ साठा" खात्यावर आता ११,००० किलो, दर २५, रक्कम २,७५,००० आहे.

३१ मार्च २०२५ पर्यंत ७,००० किलो गूळ ४० रुपयांनी विकला. विक्री २,८०,००० झाली. विकलेल्या गुळाची पडती किंमत १,७५,०००. नफा १,०५,०००. राहिलेला ४,००० किलो शीतगृहात आहे, त्याची शिल्लक १,००,०००. पुढच्या वर्षी तो ४२ रुपयांनी विकला, म्हणजे १,६८,००० आले आणि नफा ६८,००० झाला.

शीतगृहाचे भाडे, अडत, हमाली, बाजारापर्यंतचे वाहन, हे खर्च गुळाच्या पडत्या किमतीत मिळवू नयेत. गूळ तयार झाल्यावर तो ठेवण्याचा आणि विकण्याचा खर्च हा ज्या वर्षी होतो त्या वर्षीचाच. नाहीतर माल जितका जास्त दिवस पडून राहील तितका वहीत महाग होत जाईल, आणि बाजारात मात्र पावसाळी हवेने त्याचा रंग उतरत असेल. ३१ मार्चला भाव पडून २२ रुपये झाला असेल, तर शिल्लक १,००,००० ऐवजी ८८,००० धरावी आणि १२,००० चा तोटा त्याच वर्षी सोसावा. भाव चढून ४५ झाला तरी शिल्लक २५ नेच. कापडाच्या साठ्याला आपण हाच कायदा लावतो.

दोन्ही रीती शेजारी ठेवून पाहा

आता जुन्या रीतीने, म्हणजे खर्च झाला की लिहिला आणि पैसा आला की जमा केला, या पद्धतीने तीच तीन वर्षे मांडू. २०२३-२४ मध्ये १,२८,००० चा तोटा. २०२४-२५ मध्ये विक्री २,८०,०००, खर्च ३०,००० अधिक ५०,००० अधिक ९१,००० म्हणजे १,७१,०००, नफा १,०९,०००. २०२५-२६ मध्ये खर्च काहीच नाही, पूर्ण १,६८,००० नफा.

नव्या रीतीने पहिल्या वर्षी ना नफा ना तोटा, दुसऱ्या वर्षी १,०५,०००, तिसऱ्या वर्षी ६८,०००. (शीतगृह-अडत आणि खोडव्यावर नंतर झालेला खर्च दोन्हीकडे बाजूला ठेवला आहे.) तीन वर्षांची बेरीज जुन्या रीतीने १,४९,००० आणि नव्या रीतीने १,७३,०००. फरक २४,००० चा, आणि तो कोठे गेला नाही. तो खोडव्याच्या पानावर बसला आहे. बेरीज अशी जुळली की हिशेब बरोबर आहे असे समजावे.

म्हणजे एकूण कमाई कोणत्याही रीतीने तीच आहे. बदलते ते एवढेच की कोणत्या वर्षी ती कोणाच्या वाट्याला जाते. एकट्या मालकाला याचे फार वाटणार नाही. पण भागीदार बदलला, भाऊ वेगळा झाला, घरातील कर्ता माणूस गेला आणि वारसांचे हिस्से काढायचे झाले, तर त्या एका तारखेला वहीत काय शिल्लक आहे यावर सगळे ठरते. जुन्या रीतीने मार्च २०२४ ला वेगळ्या झालेल्या भावाचे १,२८,००० पैकी निम्मे, म्हणजे ६४,००० रुपये, वहीच्या बाहेर राहिले. नव्या रीतीने किमान तो खर्च तरी दोघांच्या समोर आला असता. उभ्या पिकाची किंमत खर्चापेक्षा जास्त धरायची असेल, तर ती जाणकार माणसाकडून ठरवून वाटणीच्या कागदावर लिहावी. वही केलेला खर्च दाखविते, बाजारभाव दाखवीत नाही.

बागेचा आणि बाग घेणाऱ्यांचा हिशेब

फळबागेत एक भेद लक्षात ठेवावा. झाड वेगळे आणि त्या वर्षीचे फळ वेगळे. कलमे आणणे, खड्डे, ठिबक, पहिल्या वर्षांची जोपासना, हा खर्च "बाग" या स्थावर खात्यावर जातो. झाडे फळाला लागली की झाडांच्या आयुष्यात दरवर्षी थोडा थोडा घसारा म्हणून तो उतरतो. फळाला लागल्यानंतरचे त्या हंगामाचे खत, फवारणी आणि राखण मात्र उभ्या पिकावर.

आपले बागवान बंधू मोहोर पाहून आंब्याची बाग हंगामापुरती घेतात. त्यांचे झाड नसते, फक्त फळ असते. समजा, बागेचे २,००,००० दिले आणि फवारणी, राखणदार यांचे ५०,००० झाले. पाचशे पेट्यांचा अंदाज आहे, म्हणजे पेटीला ५००. ३१ मार्चपर्यंत शंभर पेट्या उतरून विकल्या गेल्या, तर ५०,००० त्या विक्रीसमोर खर्चात आणि २,००,००० झाडावरच्या फळात शिल्लक. मार्चच्या उन्हाने गळ होऊन आता तीनशेच पेट्या राहिल्या असे दिसले, तर पेटीला सुमारे ६६७ पडतात. पुढचा भाव खर्च वजा जाऊन तेवढा येणार नसेल, तर फरक त्याच वर्षी तोट्यात लिहावा. हंगामाच्या सुरुवातीची पेटी दुप्पट भावाने जात असेल, तर नगावर वाटण्याऐवजी विक्रीच्या किमतीच्या प्रमाणात वाटणे अधिक न्यायाचे होईल.

शेवटी दोन गोष्टी

मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या नव्या हिशेबी मानकांत उभे पीक खर्चाने नव्हे, तर बाजारातील वाजवी किमतीने धरतात, आणि वर्षागणिक होणारी वाढ-घट नफा-तोट्यात घेतात. आपल्या घरगुती व भागीदारीच्या धंद्याला केलेल्या खर्चाची वरील रीत सोपी आणि पावत्यांनी सिद्ध करता येणारी आहे.

करापुरते सांगायचे तर शेतीचे उत्पन्न विवरणपत्रात वेगळे दाखवावे लागते, म्हणून पिकाची पाने दुकानाच्या खर्चात मिसळू नयेत. उसाचा गूळ केला तर त्यातील किती भाग शेतीचा आणि किती धंद्याचा, हा प्रश्न आपल्या करसल्लागारापुढे ठेवावा. त्याला पहिला आकडा लागेल तो तोडणीच्या दिवशीच्या उसाचा, आणि तो सांगायला वरच्या हिशेबातला दुसरा टप्पा आपल्या वहीत असला पाहिजे.

यंदा ३१ मार्चला कापडाचे तागे मोजून झाले की शेतावर एक चक्कर मारावी. कोणत्या शेतात कोणते पीक, किती महिन्यांचे, किती क्षेत्र आणि आजवर किती खर्च, एवढे एका कागदावर लिहून त्याखाली सर्व भागीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि तो कागद वहीला जोडावा.